हीथ्रोला बॅग घ्यायला बाहेर यावं लागतं तेव्हा

मे महिन्यात मी आणि आई ताईकडे बॉस्टनला गेलो, लंडनमार्गे. स्वस्त पडली म्हणून मुंबई–लंडन आणि लंडन–बॉस्टन अशी दोन वेगळी तिकिटं काढली होती. विमानतळाबाहेर पडायचंच नाही तर ब्रिटनच्या व्हिसाचा प्रश्न येतो कुठे, असं मी धरून चाललो होतो.

मुंबईला बॅगेवर चिकटवलेल्या पट्टीवर LHR छापलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला. म्हणजे बॅग लंडनपर्यंतच. ती घ्यायची तर आधी ब्रिटनचं इमिग्रेशन ओलांडायचं. इमिग्रेशनच्या आत राहून विमान बदललं तर ते एअरसाइड, ओलांडलं की लँडसाइड. मग तुम्ही इमारतीबाहेर पाऊल टाका किंवा टाकू नका.

काउंटरवरच्या मुलीने अमेरिकेचे व्हिसा आणि पुढचं तिकीट नीट तपासलं. "काकू, पुढच्या तिकिटाची प्रिंट हातातच ठेवा," असं तिने आईला बजावलं.

भारतीय पासपोर्टवर हीथ्रोला नुसतं एअरसाइड थांबायलाही एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. लँडसाइडलाही सूट आहे, पण अटी कडक आहेत: येणं-जाणं विमानानेच हवं, पुढचं तिकीट पक्कं हवं, अमेरिकेला जात किंवा तिथून येत असायला हवं आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीआधी निघायला हवं. शिवाय आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो, म्हणून कागद वर काढून ठेवा.

विमानातून उतरल्यावर जांभळ्या पाट्या 'Flight Connections' कडे नेतात. बरोबरचे बहुतेक लोक तिकडेच वळले. आपली बॅग पुढे जाणार नसेल तर त्यांच्यामागे जाऊ नका, 'Arrivals' कडे वळा. अधिकाऱ्याने कुठे चाललात, पुढचं विमान किती वाजता, एवढंच विचारलं. पुढे बॅगा घेऊन टर्मिनल ३ वरून ५ ला आतल्या फुकट ट्रेनने गेलो आणि चेक-इन पुन्हा पहिल्यापासून केलं. आईला बरोबर घेऊन यात अडीच तास गेले. आमच्या हातात नऊ तास होते. चार असते तर मी हा बेत केलाच नसता.

परतीची एक गोष्ट लक्षात ठेवा. मुक्कामात अमेरिकेचा व्हिसा संपला, तर व्हिसा वैध असताना अमेरिकेत शिरल्याला सहा महिने व्हायच्या आत लंडनहून जायला हवं. मुलांकडे लांब मुक्काम करणाऱ्या आईवडिलांनी परतीची तारीख घेतानाच हे दिवस मोजावेत.

आणि मुंबईहून अमेरिकेमार्गे मेक्सिकोला वगैरे निघाला असाल, तर तिथे एअरसाइडची सोयच नाही. एकाच तिकिटावर असलात तरी इमिग्रेशन करावंच लागतं, त्यामुळे सी-१ किंवा बी१/बी२ व्हिसा आधी हातात हवा.