शहाण्णव पानांचा अहवाल आणि त्यातली एक ओळ

आमच्या कंपनीची पगारपत्रकं आणि कर्मचाऱ्यांची कागदपत्रं एका क्लाउड सेवेवर न्यायचं ठरलं. "त्यांची सुरक्षा कशी आहे ते तू बघ," म्हणून साहेबांनी ते काम माझ्याकडे सरकवलं. सेवा देणाऱ्या कंपनीची व्यवस्था बाहेरच्या लेखापरीक्षकानं तपासली की त्याचा 'सॉक' अहवाल निघतो. विक्रेत्यानं आधी पाठवला तो सॉक-३ अहवाल. हा कुणालाही वाचायला खुला असतो. त्यात लेखापरीक्षकाचं मत असतं, पण त्यानं नेमकं काय तपासलं आणि त्याला काय सापडलं, ते नसतं. म्हणून मी सॉक-२ टाइप-२ मागितला. टाइप-१ मध्ये नियंत्रणांची, म्हणजे धोका टाळायला कंपनीनं ठरवलेल्या नियमांची आणि पद्धतींची, आखणी एका ठरावीक तारखेला योग्य होती का, एवढंच बघतात; टाइप-२ मध्ये ती काही महिने प्रत्यक्षात पाळली गेली का, हेही तपासतात. गोपनीयतेच्या करारावर सही केल्यावर ९६ पानांची पीडीएफ आली, प्रत्येक पानावर आमच्या कंपनीच्या नावाचा वॉटरमार्क.

पहिल्या विभागात परीक्षकाचं मत होतं, आणि ते निर्भेळ होतं. कुठलीही अट नाही, 'अमुक सोडून' नाही. मी साहेबांना "सगळं ठीक आहे" असा मेल लिहायलाही घेतला होता. आमच्या अंतर्गत लेखापरीक्षणातल्या एका ताईंनी थांबवलं. "मत सगळ्यात शेवटी वाच. आधी कशावर मत दिलंय ते बघ."

पाहिलं, तर पहिली मेख तिथेच होती. सॉक-२ मध्ये पाच विषय असू शकतात: सुरक्षा, उपलब्धता, प्रक्रियेची अचूकता, गोपनीयता आणि वैयक्तिक माहितीचं संरक्षण. यांतली सुरक्षा सक्तीची, बाकीचे घ्यायचे की नाही ते विक्रेता ठरवतो. यांनी सुरक्षा आणि गोपनीयता घेतली होती, उपलब्धता नाही. पगाराच्या दिवशी यंत्रणा बंद पडली तर काय, बॅकअपवरून डेटा खरंच परत येतो का, ही आमची खरी काळजी. आणि नेमकी तीच या परीक्षणाच्या कक्षेबाहेर होती. यात लबाडी काही नाही. पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

परीक्षणाचा काळ होता १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आणि मी वाचत होते फेब्रुवारीत. मधल्या महिन्यांसाठी त्यांनी 'ब्रिज लेटर' दिलं. नियंत्रणांत मोठा बदल झालेला नाही, असं सांगणारं एक पान. त्यावर सही विक्रेत्याच्याच अधिकाऱ्याची, परीक्षकाची नव्हे. शिवाय त्यांचे सर्व्हर दुसऱ्या एका मोठ्या पुरवठादाराकडे असल्यानं ते 'कार्व्ह-आउट' पद्धतीनं वगळले होते. म्हणजे डेटा सेंटरच्या दारावरचं कुलूप कोणी तपासलं, ते बघायला त्या पुरवठादाराचा वेगळा अहवाल हवा.

खरा वेळ गेला तो चौथ्या विभागात. इथे लांबलचक तक्ता असतो: नियंत्रण काय, परीक्षकानं ते कसं तपासलं, निकाल काय. पानामागून पान 'नो एक्सेप्शन्स नोटेड', म्हणजे कुठलीही त्रुटी आढळली नाही. पंधरा मिनिटांत डोळे आपोआप ओळी गाळायला लागतात. म्हणून मी तो निकालाच्या रकान्यावरून उलटा वाचला आणि CC6.2 या निकषापाशी थांबले. नियंत्रण असं होतं: नोकरी सोडणाऱ्याचं खातं एका कामाच्या दिवसात बंद करायचं. परीक्षकानं नोकरी सोडलेल्या २५ जणांचा नमुना घेऊन प्रत्येकाची शेवटची तारीख आणि खातं बंद झाल्याची नोंद ताडून पाहिली होती. तिघांची खाती उशिरा बंद झाली होती: ६, ११ आणि १९ दिवसांनी.

तरी मत निर्भेळ कसं? कारण मत एकेका नियंत्रणावर नसतं. त्या निकषासाठीची बाकीची नियंत्रणं धरून उद्दिष्ट वाजवी खात्रीनं साधलं गेलं का, हे परीक्षक ठरवतो. ही तीन खाती त्याला तेवढी गंभीर वाटली नाहीत. आमचा धोका मात्र आम्हीच जोखायचा. आमचे पगार त्या यंत्रणेत जाणार होते, त्याचे नाही.

पाचव्या विभागात व्यवस्थापनाचं उत्तर होतं: "तिन्ही व्यक्ती कंत्राटी होत्या. प्रक्रिया सुधारण्यात आली आहे." हा विभाग परीक्षकानं तपासलेला नसतो, विक्रेत्याचं म्हणणं तसंच्या तसं छापतात. पण 'कंत्राटी' हा शब्द मला टोचला. मी त्यांच्या सुरक्षा प्रमुखांशी फोनवर बोलले.

"त्या २५ जणांत कंत्राटी किती होते?"

त्यांनी कागद चाळले. "सात."

म्हणजे २५ पैकी ३ हा हिशेबच वेगळा निघाला. कायम कर्मचारी १८, त्यांत एकही चूक नाही. कंत्राटी ७, त्यांत ३. कारणही उघड होतं: खातं बंद करण्याची सूचना मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून आपोआप जायची आणि कंत्राटी लोकांची नोंद त्या प्रणालीत नव्हतीच. कुणी आठवणीनं मेल केला तर खातं बंद. ही तीन माणसांची विसराळूपणाची चूक नव्हती, एका अख्ख्या गटाला नियंत्रण लागूच पडत नव्हतं. सात जणांवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, पण गळती कुठे आहे ते कळायला सात पुरले.

मग मी दोन गोष्टी मागितल्या. त्या तीन खात्यांना ग्राहकांच्या डेटापर्यंत पोचता येत होतं का, आणि माणूस गेल्यानंतर त्यांवरून लॉगिन झालं का. दोन खाती फक्त चाचणी यंत्रणेची निघाली. तिसऱ्याला, १९ दिवसवाल्याला, खऱ्या डेटाचा प्रवेश होता. त्याच्या लॉगिनच्या नोंदी त्यांनी स्क्रीनवर दाखवल्या; शेवटची नोंद काम सोडण्याच्या आदल्या दिवसाची होती. कंत्राटी लोकांची नोंद आता त्याच प्रणालीत होते, हेही दाखवलं. ते खरंच चालतंय का, हे पुढच्या अहवालातच कळेल.

इथे काम संपलं असं वाटत होतं, तेवढ्यात ताईंनी तिसऱ्या विभागाच्या शेवटचं पान उघडायला लावलं. ग्राहकानं स्वतः करायच्या गोष्टींची ती यादी. विक्रेत्याची नियंत्रणं ग्राहक या गोष्टी करतो असं धरूनच आखलेली असतात, आणि ग्राहक त्या करतो की नाही हे परीक्षक बघत नाही. आमच्यासमोर अकरा मुद्दे होते. चौथा: "ग्राहकानं आपल्या वापरकर्त्यांची खाती वेळेवर बंद करावीत आणि प्रवेशाचा नियमित आढावा घ्यावा."

चाचणीसाठी आम्ही त्या सेवेत वर्षभरापूर्वीच ४१ खाती उघडली होती. मी ती यादी आमच्या मनुष्यबळ विभागाच्या यादीशी ताडली. सहा जण कंपनी सोडून गेलेले होते. सगळ्यात जुनं खातं सात महिने उघडं होतं, आणि त्याला ॲडमिनचे अधिकार होते. विक्रेत्याला १९ दिवसांवरून जाब विचारून मला जेमतेम दोन दिवस झाले होते.

ती सहा खाती त्याच दुपारी बंद केली. साहेबांना पाठवलेल्या टिपणात मंजुरी दिली, पण तीन अटींवर: बॅकअपवरून डेटा परत आणण्याच्या चाचणीची नोंद करारापूर्वी बघायला मिळावी, सर्व्हर पुरवठादाराचा अहवाल वेगळा मागवावा, आणि पुढचा सॉक-२ आला की CC6.2 ची ओळ आधी बघावी. चौथी अट आमच्यासाठी होती: दर तिमाहीला ती ४१ नावांची यादी कोण ताडणार, त्याचं नाव लिहून द्या. त्या जागी साहेबांनी माझंच नाव लिहिलं.