सगळा घोळ टायटल आणि टॅग्समध्ये होता

मी दुसऱ्यांच्या यूट्यूब चॅनेलचे व्हिडिओ अपलोड करायचं काम करते. परवा एका क्लायंटचा व्हिडिओ आला, विषय एकदम साधा, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड एकत्र झालं की क्लोरीन वायू तयार होतो म्हणून ते कधीच मिसळू नका. व्हिडिओ चांगला होता, पण सोबत आलेलं टायटल होतं "घरच्या घरी विषारी गॅस कसा बनतो? जीवघेणा प्रयोग (१८+)". आणि टॅग्समध्ये चक्क "विषारी गॅस कसा बनवायचा".

मी आधी प्रायव्हेट ठेवूनच अपलोड करते, चेक्स पूर्ण होईपर्यंत पब्लिक करत नाही. आला पिवळा डॉलर, म्हणजे जाहिराती मर्यादित किंवा अजिबात नाहीत. क्लायंट म्हणाले, "अहो मॅडम, व्हिडिओत तर चुकीचं काहीच नाही!" खरंय, पण जाहिरातींसाठी तपासताना टायटल, थंबनेल, डिस्क्रिप्शन, टॅग्स सगळं बघतात, आणि इथे टायटल सावध करत नव्हतं, कृती शिकवतोय असं वाचलं जात होतं. त्यात १८+ लिहून काय मिळतं? उलट खरंच वयाची अट लागली तर लॉगिन न केलेल्यांना व्हिडिओ दिसतच नाही, म्हणजे ज्यांच्या घरी हा धोका आहे तेच बाहेर.

त्यांनी सुचवलं, "वि*षारी" असं लिहूया. मी नाही म्हटलं. चांदणी टाकून अर्थ बदलत नाही, वाचणाऱ्याला मात्र काहीतरी लपवतोय असं वाटतं. मग टायटल केलं "ब्लीच आणि ॲसिड क्लीनर एकत्र का वापरू नये". डिस्क्रिप्शनच्या पहिल्याच ओळीत हा सुरक्षिततेचा व्हिडिओ आहे हे लिहिलं, "कसा बनवायचा" वाले टॅग्स काढले, थंबनेलवरची कवटीही काढली. मग रिव्ह्यूची रिक्वेस्ट टाकली. तिथे माणूस बघतो आणि त्याचा निकाल सहसा फिरत नाही, म्हणून आधी सगळं नीट करून मगच टाकायची. निकाल हिरवा आला.

व्हिडिओतल्या गाण्यावर कॉपीराइटचा क्लेमही आला होता, तो मात्र तसाच होता. डिस्क्रिप्शनमध्ये "कॉपीराइट उल्लंघनाचा हेतू नाही, गाण्याचे हक्क मूळ मालकाचे" अशी ओळ होती, ती काढली की क्लेम जाईल असं क्लायंटना वाटलं. ती ओळ असली काय नि नसली काय, यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजच जुळवून बघते. हां, दुसऱ्याचं संगीत वापरलंय याची ती लेखी कबुली असते, म्हणून काढलेली बरी. शेवटी एडिटरमध्ये जाऊन तेवढ्या भागातलं गाणं बदललं, तेव्हा कुठे क्लेम गेला.

ती ओळ येत कुठून होती तर अपलोड डिफॉल्ट्समधून, म्हणजे प्रत्येक नवीन व्हिडिओला आपोआप चिकटत होती. तिथून पुसली, पण जुन्या व्हिडिओंतून अशाने जात नाही, ते आता यादीत सिलेक्ट करून एकत्र एडिट करतेय.