आमची वाटचाल : तीन बेअरिंगांचा तो हंगाम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही दोघांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढलं. वाइंडिंग माझं, लेथ भागीदाराची. पुढची चार वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचा आहे तो पाचवा हंगाम, कारण त्यात दुकान जवळजवळ बंद पडलं होतं.

कागलकडच्या आबांच्या गुऱ्हाळाची 10 एचपी, 1440 आरपीएमची मोटार आम्ही भरून दिली होती. दिवाळीनंतर घाणा सुरू झाला आणि चाळीस दिवसांत पुलीकडचं 6208 बेअरिंग वाजायला लागलं. नवीन घातलं, तेही तेवढेच दिवस टिकलं. तिसरं गेलं तेव्हा चुलवाणावर रस उकळत होता, खाली उसाची गाडी उभी होती आणि घाणा बंद. पुढच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने गावोगाव सांगितलं की आम्ही डुप्लिकेट बेअरिंग घालतो. पंधरवड्यात गुऱ्हाळांच्या सात मोटारी आमच्याकडून उचलून नेल्या गेल्या. बेअरिंग आम्ही पक्क्या बिलावर आणत होतो. तो शब्द आजही लागतो.

आबा मात्र म्हणाले, "तुमच्यावर माझा भरवसा हाय, पण कारण शोधा."

भागीदाराने हिशेब मांडला. मोटारीचा टॉर्क साधारण 50 न्यूटन-मीटर. पुली 4 इंची, म्हणजे कडेला जोर सुमारे 1000 न्यूटन. व्ही-बेल्टची ढिली बाजूही शाफ्टला ओढतेच, म्हणून दीडपट धरायची : 1500, म्हणजे दीडशे किलो. पुली बेअरिंगच्या बाहेर लटकलेली असते, त्यामुळे तरफेसारखा हा भार पुढच्या बेअरिंगवर आणखी वाढतो. आबांकडे पुली शाफ्टच्या टोकाबाहेर डोकावत होती, तिथे तो 1.4 पट झाला. एवढं धरूनही बेअरिंगचं आयुष्य 30,000 तासांच्या वर निघालं. मग ते 600 तासांत का जावं?

भागीदार म्हणाला, "हिशेब बरोबर हाय, बेल्ट बघायला पायजे."

मोटार उतरवण्याआधी त्याने बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर वरच्या बाजूला खुणेसाठी पंच मारला. दुकानात आणून रिंग ग्राइंडरने कापली. घाण्याच्या दिशेच्या चतकोर भागातच खवले निघाले होते, बाकीची वाट गुळगुळीत. आतली रिंग सगळीकडून सारखी घासलेली, कारण ती फिरते. मागच्या बेअरिंगचा डाग बरोबर उलट्या बाजूला, कारण पुढे ओढ बसली की शाफ्ट मागे उलट रेटतो. वाईट माल असता तर डाग असा दिशा धरून पडला नसता. शाफ्टला एका बाजूने ओढ होती.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग काटा घेऊन आम्ही गुऱ्हाळावर गेलो. बेल्टच्या मोकळ्या लांबीच्या मधोमध काटा अडकवून मीटरला 16 मिलिमीटर झोळ येईपर्यंत ओढायचं आणि किती जोर लागतो ते पाहायचं. हवा त्याच्या जवळजवळ चौपट लागला. गड्याने सांगितलं, ऊस जाड आला की बेल्ट घसरतो, म्हणून रोज पहारीने मोटार मागे रेटायची आणि बोल्ट आवळायचे. 4 इंची पुली बी सेक्शनला लहानच, बेल्टची पकड कमी पडते. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताने घटतं : चौपट भार म्हणजे चौसष्टावा भाग. तीस-छत्तीस हजाराला 64 ने भागा, पाचशे-साडेपाचशे तास येतात. रोज चौदा तास घाणा, म्हणजे चाळीस दिवस.

उद्यमनगरातच 6 इंची पुली ओतून घेतली, घाण्याची पुलीही त्याच प्रमाणात मोठी केली, म्हणजे घाण्याचा वेग तोच राहिला. तोच टॉर्क आता दोन-तृतीयांश ओढीत जातो, त्यामुळे आयुष्य तिपटीहून जास्त वाढतं. पुली शाफ्टच्या खांद्याला भिडवून बसवली. बेल्ट काट्यावर ताणला आणि नवा बेल्ट दोन दिवसांनी पुन्हा तपासला.

यावर कुणी रोलर बेअरिंग घाला म्हणेल. पट्ट्याच्या कामाला ते चालतं, पण तीच मोटार पुढे कपलिंगवर पंपाला लावली तर रोलरवर पुरेसा भार पडत नाही आणि ते घसरत खराब होतं. गुऱ्हाळाची मोटार उन्हाळ्यात विहिरीवर जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधी पुली बघा, मग बेअरिंग. आणि बेअरिंग गेलं की भंगारात टाकू नका, बाहेरची रिंग कापून बघा.

चौथ्या बेअरिंगवर तो हंगाम पार पडला, पुढचेही दोन पार पडले. मधली वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. भागीदार आता नाही, त्याचा पंच माझ्या खणात आहे. सात मोटारींपैकी तीन परत आल्या. डुप्लिकेट म्हणणाऱ्याने शब्द कधीच मागे घेतला नाही.