काकांचे आठ 'से'

पुण्यात स्पॅनिशच्या पहिल्या पातळीचा वर्ग घेते. त्या दिवशी आत्मवाचक, म्हणजे कर्त्याची क्रिया स्वतःवरच होते अशा क्रियापदांच्या गाळलेल्या जागा तपासत होते आणि एका पेपरवर हात थांबला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक काका, मुलगी-नातवंडं स्पेनमध्ये, म्हणून भाषा शिकतायत. आठही जागांत त्यांनी 'से' भरलं होतं. 'यो से लेवान्तो' (मी उठतो), 'तू से दुचास' (तू आंघोळ करतोस). दोन वाक्यं तृतीयपुरुषी होती म्हणून तेवढी बरोबर आली, बाकी सहा गेली.

नवल म्हणजे क्रियापदाचं एकही रूप चुकलेलं नव्हतं. 'आकोस्तार्से'चं (झोपायला जाणं) 'आक्वेस्तो' होतं, इथे निम्मा वर्ग घसरतो. तेही त्यांनी अचूक लिहिलेलं.

"काका, सगळीकडे 'से' कसं?"

"मॅडम, 'से' म्हणजे स्वतः ना? मी स्वतःला, तू स्वतःला, ते स्वतःला. आपलं 'स्वतः' कुठे बदलतं?"

मी गप्पच झाले. कंसात छापलेल्या मूळ रूपाच्या शेवटी 'से' असतं, ते त्यांनी उचलून जसंच्या तसं क्रियापदाआधी ठेवलं होतं. जागा बरोबर, शब्द चुकला; स्पॅनिशमध्ये हे 'स्वतः' कर्त्याप्रमाणे बदलतं. इतकी वर्षं मी अशा उत्तरांना निष्काळजीपणा समजत आले होते.

मग म्हटलं, तुमची रूपं पक्की आहेत, तर त्यांनाच विचारा. वर्तमानकाळात शेवटी 'ओ' किंवा 'ओय' असेल तर 'मे'. 'मोस' असेल तर 'नोस'. 'आइस', 'एइस' किंवा 'ईस' असेल तर 'ओस'; हे नातवंडांना एकत्र 'तुम्ही' म्हणताना स्पेनमध्ये लागेलच. नुसता 'स' उरला तर 'ते'. यातलं काहीच नसेल तर तुमचं लाडकं 'से'.

'मि एर्मानो इ यो ___ (दुचार्से)', म्हणजे मी आणि माझा भाऊ. काकांनी आधी 'दुचामोस' लिहिलं, 'मोस'वर बोट ठेवलं आणि त्याच्या आधी 'नोस' घातलं. नकाराच्या वाक्यातही अडले नाहीत: 'नो मे लेवान्तो'. 'नो' आधी, मग सर्वनाम, मग क्रियापद. 'क्येरो ___' (मला उठायचंय) आलं, तेव्हा 'क्येरो'चा 'ओ' बघून 'लेवान्तार्मे' लिहिलं. कर्त्याप्रमाणे रूप बदललेलं क्रियापद 'क्येरो', म्हणून 'मे क्येरो लेवान्तार'ही चालतं.

पुढच्या आठवड्यात ते वही घेऊन आले. 'मे गुस्ता ___ तेम्प्रानो', मला लवकर उठायला आवडतं. 'गुस्ता'च्या शेवटी 'आ', म्हणून त्यांनी 'लेवान्तार्से' भरलेलं.

"तुमच्याच नियमाने केलंय हो."

खरंच होतं. 'गुस्ता'चा कर्ता 'उठणं' आहे, काका नव्हेत. तिथे शेवट बघून भागत नाही, उठणारा कोण ते बघावं लागतं. म्हणून 'लेवान्तार्मे'. काकांनी माझ्या नियमाखाली पेन्सिलीने लिहिलं: 'गुस्ता सोडून'.