वरचा ओठ उचलून बघा

‘बाळाच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग दिसतायत. कॅल्शियम कमी पडतंय का? की दुधाचेच दात म्हणून सोडून द्यायचं?’

कॅल्शियमचं औषध लगेच आणू नका. आधी बाळाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ उचला आणि दात स्वच्छ फडक्याने कोरडे करा. ओल्या दातावर डाग लपतो. हिरडीला लागून खडूसारखा, चकाकी नसलेला पांढरा पट्टा दिसला, तर ती किडीची सुरुवात असू शकते. डाग दाताच्या मधोमध, गुळगुळीत आणि दात आला तेव्हापासूनचा असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं. लोहाच्या थेंबांनीही दात काळपट होतात, पण तो वरवरचा रंग. दवाखान्यात घासून निघतो.

खालचे दात मात्र बहुतेक वेळा छान असतात. चोखताना जीभ त्यांच्यावर असते आणि लाळही तिथेच जास्त येते. वरच्या दातांभोवती दूध साचतं, झोपेत लाळ कमी होते आणि जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. ते रात्रभर दातातलं खनिज काढत राहतं.

दीड वर्षाच्या एका मुलीला आजी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊनच झोपवायची. वरच्या चारही दातांवर पट्टा होता, एकावर तपकिरी खळगा. आजीला दोष द्यायला मी गेले नाही; रडणारं पोर मध्यरात्री कुणाच्या मांडीवर असतं, हे मला माहीत आहे. आम्ही आधी साखर बंद केली. मग दर तीन-चार रात्रींनी दुधात थोडं पाणी वाढवलं. दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी उरलं आणि तिचा त्यातला रस गेला. पोटभर दूध जेवणानंतर कपाने, मग ब्रश, मग झोप.

पेस्ट फ्लोराइडची हवी, पाकिटावर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा बघा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. दिवसातून दोनदा, मोठ्या माणसाच्या हाताने. नंतर चूळ भरायला लावू नका, फेस फक्त पुसा. शेवटच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. चोखणीला मध लावून देणं तर नकोच.

शिवाय दर तीन महिन्यांनी आम्ही फ्लोराइडचं वार्निश लावलं, दोन मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी पट्टे पुरते गेले नव्हते, पण गुळगुळीत आणि चकचकीत झाले होते, म्हणजे कीड थांबली होती. खळगा मात्र भरावाच लागला. गेलेला दात भरून येत नाही, आणि वरचे पुढचे दात साधारण सात वर्षांच्या वयात पडतात. तोवर सोडून दिला असता, तर ठणका आणि पू यांची वाट बघावी लागली असती.