संदर्भ फोटो दिला तरी नक्षी का बदलते? माझा अनुभव

खोलीच्या फोटोतली एक वस्तू काढायची आणि तिच्या जागी दुसरी, खरोखर अस्तित्वात असलेली वस्तू बसवायची. संदर्भ फोटो चढवा, जुन्या वस्तूवर ब्रश फिरवा, बटण दाबा, झालं. निदान सांगतात तरी असंच. वस्तू कुठलीही चालणार असेल, तर ते खरंही आहे. ती वस्तू कुणीतरी हाताने घडवलेली असेल आणि घडवणारी व्यक्ती शेजारी बसून पडद्याकडे बघत असेल, तेव्हा खरी कटकट सुरू होते.

माझी एक मैत्रीण मातीची भांडी करते. तिची एक फुलदाणी आहे: पोट फुगीर, गळा आखूड, आणि काठाच्या लगेच खाली निळ्या फुलांची पट्टी. प्रत्येक फुलाला सात पाकळ्या आणि दोन फुलांच्या मध्ये तिरप्या दोन रेघा. माझ्याकडच्या खोलीच्या एका फोटोत टेबलावर काचेची साधी, उंच फुलदाणी होती. तिच्या जागी हिची बसवायची, एवढंच काम. आमचं साधन म्हणजे एआयने फोटो बदलणारी एक ऑनलाइन सेवा, नाव घेत नाही. निकाल पहिल्यांदा आला तेव्हा मी खूश झाले. रंग तोच, चकाकी तीच, टेबलावर सावलीसुद्धा. मैत्रीण म्हणाली, "छान आहे, पण ही माझी नाही. पाकळ्या मोज." कुठे पाच होत्या, कुठे आठ, आणि तिरप्या रेघांच्या जागी ठिपके.

मग सुरू झाला स्लायडरचा खेळ. 'समानता' नावाची एकच पट्टी होती, ती शेवटपर्यंत ओढली. त्याने रंग आणखी गडद झाला, फुलं आणखी निळी झाली, पाकळ्या मात्र साधनाच्या मर्जीच्याच. वर्णनाच्या चौकटीत 'निळ्या फुलांची नक्षी, सात पाकळ्या' असं लिहिलं, तर काम आणखी बिघडलं. कारण शब्द दिले की चित्र काढणारं एआय मॉडेल त्या शब्दांवरून स्वतःची निळी फुलं काढू लागतं. वर्णनात नक्षीचा उल्लेखच करू नका. टेबल, खिडकीचा उजेड, मातीची फुलदाणी, बास. मदतकेंद्राला विचारलं तर उत्तर आलं, की स्पष्ट फोटो वापरा. फोटो तीन हजार बाय चार हजार पिक्सेलचा होता. आणखी किती स्पष्ट हवा?

या उत्तराने डोकं इतकं फिरलं, की तीच पद्धत माझ्या स्वतःच्या संगणकावर उभी करून प्रत्येक टप्प्यावर आत काय जातंय ते बघायचं ठरवलं. बसवण्याची झटापट सांगत नाही, ती झाली. पण संदर्भ फोटो मॉडेलपर्यंत पोचण्याआधी त्याचं काय होतं, हे पहिल्यांदा पडद्यावर दिसलं तेव्हा मी मोठ्याने हसले.

संदर्भ फोटो घेणाऱ्या बऱ्याच जोडण्यांमध्ये (आयपी-अ‍ॅडाप्टर हे त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव) तुमचा फोटो चित्र काढणाऱ्या मॉडेलकडे थेट जात नाही. मध्ये क्लिप नावाचं दुसरं मॉडेल बसलेलं असतं. ते फोटो बघतं आणि त्याचा सारांश आकड्यांत पुढे देतं. हा मधला वाचक फोटो बघतो फक्त २२४ बाय २२४ पिक्सेलमध्ये. आणि चौकोन बनवताना, वेगळं सांगितलं नाही तर, लहान बाजू २२४ करून मोठ्या बाजूची दोन्ही टोकं छाटतो. माझा फोटो उभा होता. तो २२४ बाय २९९ झाला आणि वरून-खालून सुमारे ३७-३७ पिक्सेल कापले गेले, म्हणजे दोन्हीकडून आठवा हिस्सा. फुलदाणी फोटोभर असल्याने तिचा काठ आणि नक्षीची पट्टी नेमकी त्या वरच्या आठव्या हिश्शात होती. म्हणजे जिच्यासाठी एवढा आटापिटा, ती नक्षी मॉडेलने धड पाहिलीच नव्हती. पट्टीच्या खालच्या कडेचा निळा रंग तेवढा दिसला असणार, त्यावरून त्याने आपली फुलं रचली.

म्हणून सगळ्यात आधी हे करा: संदर्भ फोटो स्वतः चौकोनी करा. छाटून नाही, तर दोन्ही बाजूंना साधी करडी किंवा पांढरी जागा जोडून. मी तसा फोटो त्या ऑनलाइन सेवेलाही दिला आणि पट्टी लगेच योग्य जागी, योग्य रुंदीची आली. मदतकेंद्राने हे एक वाक्य सांगितलं असतं तर माझे कितीतरी तास वाचले असते.

पाकळ्या मात्र तरीही चुकत होत्या, आणि त्याचं कारण छाटणीत नव्हतं. २२४ पिक्सेलच्या चौकोनात एकेक फूल उरतं जेमतेम आठ-दहा पिक्सेलचं. शिवाय आयपी-अ‍ॅडाप्टरचा साधा प्रकार अख्ख्या फोटोचा सारांश फक्त चार टोकनमध्ये, म्हणजे आकड्यांच्या चार गठ्ठ्यांत, बसवतो. एखाद्याने फोनवरून साडीचं वर्णन करावं आणि ऐकणाऱ्याने ती विणावी, तसं हे आहे: रंग जुळेल, काठ जुळेल, बुट्टी जुळणार नाही. यात गंमत अशी, की हे विसरणं काही ठिकाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. २०२२ मधल्या 'पेंट बाय एक्झाम्पल' या पद्धतीत संदर्भाची माहिती जाणूनबुजून आवळली होती, कारण मोकळी वाट दिली तर मॉडेल वस्तू जशीच्या तशी चिकटवायला शिकतं आणि ती दृश्यात मिसळत नाही. आपल्याला हवं होतं नेमकं ते चिकटवणं. तेव्हा स्लायडर ओढत बसण्यात अर्थ नाही. जी माहिती आत गेलीच नाही, ती जोर वाढवून बाहेर येत नाही.

दुसरी गळती निकालाच्या बाजूने होती. खोलीचा फोटो चार हजार पिक्सेल रुंद, त्यात फुलदाणीची जागा सुमारे ४०० पिक्सेल उंच. अख्खा फोटो दिला की साधन तो १०२४ वर आणतं, आणि फुलदाणी उरते शंभर पिक्सेलची. त्यातही मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्र आधी आठपट आक्रसून मग त्यावर काढतं. म्हणजे त्या आक्रसलेल्या चित्राच्या जाळीत फुलदाणीच्या उंचीला तेरा घरं, आणि आठव्या हिश्शाच्या पट्टीला दीड. दीड घरात सात पाकळ्या कोण काढणार? म्हणून फुलदाणीभोवतीचा ६०० बाय ६०० चा तुकडा कापला, तो १०२४ वर मोठा केला आणि फक्त त्यावर काम केलं. आता फुलदाणीला ८५ घरं मिळाली, पट्टीला दहा-अकरा. काम झाल्यावर तुकडा लहान करून परत जागेवर बसवायचा. ब्रशने रंगवलेल्या, बदलायच्या जागेला मास्क म्हणतात, आणि काही साधनांत यासाठी 'फक्त मास्कचा भाग' असा पर्याय असतो. तो चालू आहे ना, ते बघा.

मास्कबद्दल आधी सांगायला हवं होतं. मास्क नव्या वस्तूच्या आकाराचा हवा. जुनी काचेची फुलदाणी उंच होती, तिच्यावरच ब्रश फिरवला तर मॉडेल ती उंच जागा भरून काढतं आणि बुटकी फुलदाणी ताणली जाते. मास्कमध्ये जुनी सावलीही घ्यायची, नाहीतर राहिलेल्या उंच सावलीला साजेशी उंच वस्तू येते.

सारांशाची अडचण सुटली ती दुसऱ्याच मार्गाने. एकच २०४८ बाय १०२४ चं चित्र बनवायचं. डावीकडे संदर्भ फोटो, उजवीकडे खोलीचा तुकडा, मास्क फक्त उजव्या अर्ध्यातल्या फुलदाणीच्या जागेवर. हे मी फ्लक्स फिल या रिकामी जागा भरणाऱ्या मॉडेलवर केलं. इथे मधला वाचक नाही. डावीकडची फुलदाणी त्याच कॅनव्हासवर असते, त्यामुळे उजवीकडे काढताना मॉडेल तिचा प्रत्येक भाग बघू शकतं. वर्णन एवढंच: 'दोन फोटो, दोन्हींत एकच फुलदाणी, उजवीकडे ती टेबलावर'. दोन्ही अर्ध्यांत फुलदाणीचा आकार साधारण सारखा ठेवला की निकाल चटकन सुधारतो. डीनॉइझ, म्हणजे आधीचं चित्र किती पुसून नव्याने काढायचं तो आकडा, पूर्ण १ वर, कारण काचेची फुलदाणी पुरती पुसली जायला हवी. आता पाकळ्या बहुतेक ठिकाणी सात आल्या. तिरप्या रेघा मात्र मधूनच उलट्या कलत होत्या.

मैत्रिणीला 'बहुतेक' चालणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही नाही. शेवटचा टप्पा म्हणूनच हाताचा आहे. तिला फुलदाणीचा नवा फोटो काढायला सांगितला: कॅमेरा खोलीच्या फोटोइतकाच वरून, उजेड डावीकडून. आधीचा फोटो समोरून होता, त्यात तोंडाची लंबवर्तुळाकार कड दिसतच नव्हती आणि मॉडेल ती मनानेच काढत होतं. जी बाजू फोटोत नाही, ती कुठलंही साधन अंदाजानेच भरतं. नवा फोटो संदर्भ म्हणून देऊन जोडचित्र पुन्हा काढलं. मग त्याच फोटोतली खरी पट्टी कापून निकालावर वेगळ्या लेयरमध्ये बसवली, थोडी वाकवून जुळवली. मॉडेलने काढलेली सावली आणि चमक वर राहू दिली. शेवटी पट्टीच्या कडेच्या काही पिक्सेलांवरच मास्क करून डीनॉइझ ०.३ ने एक हात फिरवला, म्हणजे सांधा मिटतो. हाच हात अख्ख्या फुलदाणीवर फिरवला तर पाकळ्या पुन्हा हलतात, करून पाहिलंय.

आणखी एक. मास्कबाहेरचा भाग जसाच्या तसा राहतो असं वाटतं, पण पूर्ण चित्र त्या आठपट आक्रसण्यातून जाऊन येतं, त्यामुळे टेबलाच्या बारीक रेषा किंचित बदलतात. निकालातला फक्त मास्कचा भाग मूळ फोटोवर ठेवायचा, बाकी मूळच ठेवायचं.

तपासायची रीत मैत्रिणीचीच: मोजणे. चित्र दुप्पट मोठं करून पाकळ्या मोजायच्या, रेघा कुठे कलतात ते बघायचं. मी त्यात भर घातली ती लेयरच्या 'डिफरन्स' मोडची. जुळवलेला खरा फोटो निकालावर ठेवला की जिथे दोन्ही सारखे, तिथे काळं दिसतं. उजेडामुळे गुळगुळीत करडे डाग राहतात, ते चालतात. पण पाकळीच्या कडेला बारीक उजळ रेघ दिसली, तर तिथे नक्षी सरकली आहे. शेवटच्या चित्रात तशी एकच रेघ होती, उजव्या टोकाच्या फुलावर. मैत्रीण म्हणाली, ते फूल माझ्याकडूनच तिरपं झालंय, राहू दे. मी तरीही ती सारखी केली.