भाचीने पाठवलेला डॅशबोर्डचा फोटो

संध्याकाळी भाचीचा मेसेज आला, "मामा, बघ ना, गाडीत सगळेच दिवे लागलेत." सोबत डॅशबोर्डचा फोटो. इंजिन, बॅटरी, ऑइलचा डबा, एअरबॅग, एबीएस, लाल-पिवळे मिळून आठ-नऊ दिवे.

मी आधी आरपीएमचा काटा पाहिला. तो शून्यावर होता. म्हणजे इंजिन बंद, चावी फक्त ऑनवर. या स्थितीत गाडी आपले दिवे तपासून घेते, त्यामुळे ते लागणारच. ऑइल आणि बॅटरीचे तर इंजिन सुरू होईपर्यंत जात नाहीत. घाबरलेला माणूस नेमका असाच फोटो काढतो: बाजूला थांबतो, गाडी बंद करतो आणि मग आठवण झाली की चावी फिरवून कॅमेरा धरतो.

मी लिहिलं, "गाडी चालू कर, दहा सेकंदांचा व्हिडिओ काढ आणि लगेच बंद कर. ऑइलचा लाल दिवा गेला नाही तर तेवढंही थांबू नकोस." तो दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब पडलाय हे सांगतो. दाब नसेल तर आतले धातूचे भाग कोरडे घासतात आणि थोड्याच वेळात इंजिन कामातून जातं. व्हिडिओ मागितला, कारण दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय हे फोटोत कळत नाही, आणि अर्थ तिथेच बदलतो. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर एक-दोन दिवसांत दाखवली तरी चालतं. तोच लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतं. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची.

व्हिडिओत दोनच दिवे उरले होते. एक पिवळा, घोड्याच्या नालेसारख्या आकारात उद्गारचिन्ह, आणि एक लाल, बॅटरीचा. दोन्ही स्थिर. भाचीला भीती वाटत होती ती पिवळ्याची. "उद्गारचिन्ह आहे म्हणजे सीरियस ना? बॅटरी तर मागच्याच वर्षी नवीन टाकलीय."

पिवळा दिवा टायरमध्ये हवा कमी असल्याचा. खाली उतरून चारही टायर बघायचे, एखादा बसलेला नसेल तर हळू चालवत हवा भरायला जाता येतं. बॅटरीच्या दिव्याचा मात्र बॅटरी नवी की जुनी याच्याशी फारसा संबंध नसतो. इंजिन चालू असताना तो लागला, तर अल्टरनेटरकडून चार्जिंग होत नाहीये. गाडी साठलेल्या विजेवर चाललीय आणि ती संपली की बंद पडणार. तेवढंच असतं तर मी म्हटलं असतं, एसी बंद कर आणि जवळच्या गॅरेजला जा.

पण व्हिडिओत तापमानाचा काटा नेहमीसारखा मधोमध नव्हता, बराच वर सरकला होता. मी विचारलं, "स्टिअरिंग जड लागतंय का?"

"हो रे, मघाशी वळताना दोन्ही हातांनी ओढावं लागलं. त्याआधी बॉनेटखालून फट् असा आवाज आला होता. मला वाटलं दगड उडाला."

मग शंका राहिली नाही. तिच्या गाडीत अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की तिन्ही एकदम थांबतात. दिवा लागतो फक्त बॅटरीचा, पण खरा धोका इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, फिरायचं थांबल्याचा. अशी गाडी पुढे रेटली तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जातं. सगळ्या गाड्यांत अशी रचना नसते. काहींत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर असतो, काहींत स्टिअरिंग विजेवर चालतं. म्हणून बॅटरीचा दिवा दिसला की मी काटा आणि स्टिअरिंग दोन्ही विचारतो.

तिला सांगितलं, आता पुन्हा स्टार्ट करू नकोस, टोइंग बोलाव आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नकोस. गरम असताना ते उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं.

नंतर पहिला फोटो पुन्हा पाहिला. काटा तेव्हाही वरच होता. चावी ऑन असली की तो खरं तापमान दाखवतो. मी दिवेच मोजत बसलो आणि तापलेलं इंजिन उगाच एकदा चालू करायला लावलं.

रात्री गॅरेजमधून तिने फोटो पाठवला: बेल्टची फाटकी पट्टी, कडेचे दोरे निघालेले. डाव्या बाजूच्या मागच्या टायरमध्ये हवाही कमीच निघाली.